हो म्हणू नका, नाही म्हणू नका

जालन्याच्या बैलबाजारात गिरिजाबाईचं दुकान म्हणजे चार बांबू, वर एक ताडपत्री आणि आडव्या बांबूला लोंबकळणारे कासरे, म्होरक्या, वेसणी, गोंडे आणि घुंगरमाळा. पोळ्याच्या आधी रंगीत झुली यायच्या, तेव्हा लांबून ते दुकान लग्नाच्या मांडवासारखं दिसायचं. नवरा वारला तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर होती. पदरात एक मुलगी. भाऊ रखमाजी परतूरकडच्या एका खेड्यात शेती करायचा. तो म्हणाला होता, चल घरी. ती गेली नाही. जुन्या जालन्यात एक खोली घेतली, तिथल्याच घाऊक दुकानातून माल उचलला आणि बाजारात बसली. मुलगी मोठी झाली. तिचं लग्न अंकुशनगरला साखर कारखान्यातल्या एका मुलाशी करून दिलं. मग खोलीत एकटीच उरली.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. तेव्हा बाजारात बैलांना मान होता आणि बैलांपेक्षा दलालांना जास्त होता. त्या दलालांत मच्छिंद्र नावाचा एक होता. चाळिशीचा, उंच, डोक्याला फेटा नाही पण खांद्यावर रुमाल कायम. त्या रुमालाखाली त्याचे सगळे सौदे व्हायचे. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा आणि चेहऱ्यावर रेषासुद्धा हलू द्यायची नाही. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी काय ठरलं ते कुणाला कळत नसे.

त्याची आणखी एक कला होती. जो बैल त्याला मनापासून घ्यायचा असे, त्याच्याभोवती तो दोन फेऱ्या मारी आणि मोठ्यांदा बोलू लागे. खुरं फाकलीत. चालीत खोट आहे. डोळ्याला पाणी सुटतंय. मग तोंड वाकडं करून निघून जाई. ते ऐकून दुसरी गिऱ्हाइकं पांगत, मालकाचं मन खचे, आणि संध्याकाळी तोच बैल मच्छिंद्रच्या कासऱ्याला बांधलेला दिसे. गिरिजाबाई हे दुकानातून बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

मच्छिंद्रची बायको काही वर्षांपूर्वी आजारात गेलेली. घरी म्हातारी आई. बाजार उठायला लागला की तो गिरिजाबाईच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन टेकायचा. आधी कासरा घ्यायच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. शेजारच्या साळूबाईच्या टपरीतून दोन चहा यायचे. हळूहळू तो माल बांधायला हात लावू लागला. गाडीवर गठ्ठे चढवून द्यायचा. एकदा गिरिजाबाईचा स्टोव्ह बिघडला, तर नव्या जालन्यातून दुरुस्त करून आणला आणि पुन्हा त्याबद्दल शब्द काढला नाही. असं वर्ष गेलं.

तिला तो आवडत होता. पण नुसतं आवडून तिचं भागत नव्हतं. पुरुषमाणूस बाकड्यावर येऊन बसतो, उठून जातो, त्याला कुणी काही विचारत नाही. बाईला विचारतात. ती एकदा हसत हसत त्याला म्हणाली, "लोक काय बोलून राह्यलेत, ठाव हाय का तुम्हाला?" झालं. पुढचे दोन बाजार मच्छिंद्र तिकडं फिरकलाच नाही. लांबून गेला, मान खाली घालून.

साळूबाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. नवऱ्यानं टाकलेली, आणि ते कुणापासून न लपवणारी. तिनं गिरिजाबाईला फैलावर घेतलं.

"गिरजे, तू त्याला काय सांगितलंस? लोक बोलतात. म्हणजे काय सांगितलंस? त्यानं ऐकलं, तुझ्यामुळं माझं नाव खराब व्हायलं, आता भरपाई कर. पळणार न्हाई तर काय?"

"मंग काय इचारू? तुमच्या मनात काय हाय, म्हणून?"

"ते तर बिलकुल न्हाई. पोलिसावानी इचारल्यावर माणूस सुटायपुरतं बोलतो. तू तुझ्या मनातलं सांग. त्याच्या मनातलं त्याला काढू दे."

त्या दुपारी साळूबाईनं आणखी बरंच सांगितलं. मधे कुणाला घालू नको, निरोप्याच्या तोंडी शब्द बदलतात. घरी बोलावून सांगू नको, माणसाला दार बंद झाल्यासारखं वाटतं. समोरासमोर बसून तर सांगूच नको. दोघांचे हात कामात असले की तोंड मोकळं होतं. एकदम लग्नाचं नाव काढलंस तर त्याला उद्याच मुंडावळ्या दिसतील, आणि काहीच नाव काढलं नाहीस तर तो दहा वर्षं चहा पीत बसेल. तुला पाहिजे तेवढंच सांग, कमी नको, जास्ती नको. आणि नाही म्हणायला जागा ठेव. ज्याला नाही म्हणता येतं, त्याचाच हो खरा.

गिरिजाबाईला हे पटलं, कारण घाई तिच्याही गळ्याशी आली होती. रखमाजीनं मंठ्याकडचं एक स्थळ आणलं होतं. बायको वारलेला शेतकरी, दोन लेकरं, घर बरं. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, त्यामुळे दुसऱ्या लग्नाला कुणाची ना नव्हती. पोळा झाला की उत्तर दे, असं रखमाजी सांगून गेला होता. मच्छिंद्रच्या मनात काही असेल तर ते स्थळ नाकारायचं, नसेल तर विचार करायचा. तिला एवढंच कळायला हवं होतं. आणि मंठ्याच्या स्थळाचं मच्छिंद्रला सांगायचं नाही हेही तिनं ठरवलं. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे असं सांगून भाव वाढवणं तिनं बाजारात फार पाहिलं होतं. तिला तसला हो नको होता.

तिसऱ्या बाजाराला मच्छिंद्र आला. आदल्या दिवशीच्या पावसानं कासऱ्यांचा एक गठ्ठा भिजून गुंतला होता. ऊन पडलं होतं, बाजार विरळ झाला होता. एक टोक तिनं धरलं, एक त्यानं, आणि दोघं गाठी सोडवत बसले.

"मच्छिंद्रराव, एक बोलते. उत्तर आज नको."

"बोला की."

"तुम्ही येता, बसता, मला बरं वाटतं. पण माझं तेवढ्यावर भागायचं न्हाई. मला पुन्हा घर करायचंय. उद्याच करा म्हणत न्हाई. आधी एकमेकांना नीट वळखू, अन् पटलं तर पाट लागावा, असं माझ्या मनात हाय. तुमच्या मनात तसं नसलं तर न्हाई म्हणा. मी रुसणार न्हाई. हे बाकडं तुमचंच राहील, चहा बी मिळंल. फकस्त मला अंधारात ठेवू नका."

मच्छिंद्र गाठीकडे बघत राहिला. ती गाठ सुटली, तरी तो तिथंच बोट फिरवत होता.

"बाई, एवढं सगळं तुम्ही रुमाल न टाकताच सांगितलं," तो म्हणाला.

"रुमालाखाली बैल इकतात."

तो हसला. पुढची गाठ हातात घेत म्हणाला, "अन् न्हाई म्हणलो तर खरंच काई न्हाई?"

"काई न्हाई. मी माझ्या वाटंनं, तुम्ही तुमच्या."

तेव्हा त्याचे खांदे खाली आले. गिरिजाबाईनं ते पाहिलं. भिऊन पळणारा माणूस असा सैल होत नाही. त्यानं सगळे कासरे सोडवले, गुंडाळले आणि नेहमीसारखा रामराम करून गेला.

पुढच्या बाजाराला तो सकाळीच आला. बाकड्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"मी चहापुरता येऊन न्हाई राह्यलो," तो म्हणाला. "मलाबी घरच पाहिजे. पण आईला सांगायला येळ द्या. ती जुनी माणूस हाय. पोळ्यापर्यंत. तवर बाजारात वाच्यता नको."

गिरिजाबाईला त्यातलं शेवटचं वाक्य टोचलं. वेळ मागणं वेगळं आणि लपवून ठेवणं वेगळं. पण माणूस हो म्हणाला होता, तेही तिनं ओढून न काढता.

"येळ देते. बाजारात डंका पिटायची मलाबी हौस न्हाई. पण एक करा. कुणी इचारलं तर हो म्हणू नका, अन् न्हाई बी म्हणू नका. गप राहा. एवढंच."

"बराबर," मच्छिंद्र म्हणाला. सौदा ठरल्यावर करतात तसा त्यानं हात पुढं केला, मग कुठं आहोत ते लक्षात येऊन मागं घेतला आणि त्याच हातानं रुमाल सारखा केला. साळूबाई टपरीतून बघत होती. ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

ते दीड-दोन महिने गिरिजाबाईच्या आयुष्यातले चांगले महिने. वेगळं काहीच नव्हतं. तोच चहा, तेच बाकडं. पण आता ती त्याला विचारू शकत होती की आईला कुठली भाजी चालते, घराच्या मागं जागा किती आहे, बायकोच्या आजारात काय काय झालं. तो सांगायचा. तोही विचारायचा. नवरा कसा होता, हे पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं. रखमाजीला तिनं सांगितलं, मन दुसरीकडं आहे, पोळा झाला की नाव सांगते, तोवर मंठ्याच्या लोकांना थांबव. रखमाजी फणकारला, पण हो म्हणाला. थांबवलं मात्र नाही. हातचं स्थळ कशाला घालवा, असं त्याला वाटलं असणार.

पोळ्याच्या आधीचा शेवटचा बाजार भरला. त्या दिवशी दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा गिरिजाबाई झुलींच्या रांगेमागं बसून घुंगरं ओवायला लागली. मच्छिंद्र आपण होऊन पुढं उभा राहिला, गिऱ्हाईक बघतो म्हणाला. त्याला दुकानात उभं राहिलेलं बघून तिला बरं वाटलं. झुलीच्या फटीतून त्याची पाठ आणि खांद्यावरचा रुमाल तेवढा दिसत होता.

दोन माणसं आली. कासरे चाचपले, घेतले नाहीत. मग त्यातला वयस्क मच्छिंद्रला म्हणाला, "हे त्या गिरिजाबाईचंच दुकान न? एका पाहुण्यासाठी इचारून राह्यलो. बाई कशी हाय?"

गिरिजाबाईच्या हातातलं घुंगरू थांबलं. मंठ्याची माणसं. मुलीची चौकशी अशीच करतात, शेजाऱ्यापाजाऱ्याकडं, ओळख न देता. तिला उठून बाहेर यावंसं वाटलं. पण मच्छिंद्र गप्प होता. ठरल्याप्रमाणे गप्प. राहू दे, ती मनात म्हणाली, असाच राहू दे.

मग मच्छिंद्रनं घसा खाकरला.

"कशाला त्या फंदात पडता? तोंडानं फटकळ हाय. वयानं उतरली, दिसून न्हाई राह्यलं का? बाजाराची सवय लागलेली बाई, घरात ठरंल असं वाटत न्हाई."

"अन् तुम्ही कोण म्हणायचे तिचे?"

"मी? मी कोण असणार? चहापुरता टेकतो. इथं बसणारे लई हायत."

ती माणसं एकमेकांकडं बघून निघून गेली. मच्छिंद्रनं झूल बाजूला सारली. आत डोकावला, एक डोळा बारीक केला. चेहरा असा उजळलेला, जणू हातचा बैल दुसऱ्यानं नेता नेता वाचवलाय.

"ऐकलं का? तुम्हाला बघायला आल्ते. फिरवलं गिऱ्हाईक."

गिरिजाबाईनं हातातली माळ खाली ठेवली. राग यायला हवा होता, तो आला नाही.

"इथं बसणारे लई हायत," ती म्हणाली. "हे काय बोललात?"

"अहो, तसं बोलावं लागतं. आपल्याला घ्यायचा बैल चारचौघांत कुणी चांगला म्हणतं का? तुम्हाला तर ठाव हाय. वर्षभर बघून हसून राह्यल्या."

"म्या सांगितलं होतं, गप राहा."

"गप राह्यलो असतो तर त्यांनी घेतलं असतं न."

"घेतलं असतं?" ती म्हणाली. "मला कोण कशाला घेईल? मी न्हाई म्हणणार होते. तेवढं तोंड हाय मला. तुम्हीच म्हणलात आता, फटकळ हाय म्हणून."

मच्छिंद्रला काय चुकलं ते कळलं नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. तो गोंधळून उभा होता आणि अजूनही थोडा खूश होता. तिनं घुंगरं पुन्हा ओवायला घेतली. गिऱ्हाईक आलं तशी ती पुढं गेली. त्या दिवशी तिनं सगळ्या झुली विकल्या. चहा मात्र एकच सांगितला.

शब्द मंठ्याला गेला, मंठ्याहून रखमाजीकडं आणि रखमाजीकडून कसा कोण जाणे अंकुशनगरला. जाताना तो मोठा होत गेला. चहापुरता टेकणारा एक गळून पडला, बसणारे लई तेवढे उरले. रखमाजी जालन्याला आला, खोलीच्या बाहेरच उभा राहिला आणि विचारलं, ते मन दुसरीकडं होतं ते नेमकं किती ठिकाणी होतं? त्यापेक्षा लागलं ते लेकीचं. ती पोळ्यानंतर येऊन गेली, आईला जेवू घातलं, भांडी घासली, आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, सासूबाई शांत होईस्तवर तू आमच्याकडं नको येऊ." एवढं बोलून ती रडली. गिरिजाबाईनं तिचे डोळे पुसले आणि बसस्टँडवर सोडून आली.

मच्छिंद्र शब्दाला जागला. पोळा होऊन आठवडा झाला नाही तोच आईला घेऊन खोलीवर आला. पिशवीत हिरवी साडी, नारळ. म्हातारी खरंच जुनी होती पण वाईट नव्हती. तिनं गिरिजाबाईच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरानं घरी तुझं लई चांगलं सांगितलंय.

घरी सांगितलंय. गिरिजाबाईनं म्हातारीच्या पाया पडून तिला पाटावर बसवलं, चहा केला. त्यानं दुरुस्त करून आणलेल्या त्याच स्टोव्हवर. मग मच्छिंद्रसमोर उभी राहिली.

"तुम्ही खोटे असते तर सोपं झालं असतं," ती म्हणाली. "मी म्हणले असते, माणूस वेळ घालवून राह्यला होता, सुटले. पण तुमच्या मनात खरंच होतं. अन् मनात असून तुम्ही ते बोललात."

"चुकलं म्हणतो न. उद्या बाजारात उभं राहून सांगतो सगळ्यांना."

"आता सांगून काय? तवा नुसते गप बसले असते तरी मला पुरलं असतं. लई मोठं मागणं नव्हतं."

म्हातारी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मच्छिंद्र खाली बघत म्हणाला की बाजारात इतकी वर्षं गेली, जीभ आपोआप तशी वळते. गिरिजाबाई म्हणाली, तेच तर. घरात चांगलं बोलाल आणि दाराबाहेर पडल्यावर पुन्हा वळेल. मी उभं आयुष्य झुलीमागं बसून ऐकायचं का?

तो साडी आणि नारळ ठेवून निघाला होता. तिनं पिशवी त्याच्या हातात परत दिली. म्हातारीला जिन्यावरून हात धरून खाली उतरवलं.

पण तिनं एक शब्द दिला होता. नाही झालं तरी बाकडं तुमचंच राहील. तो तिनं मोडला नाही. मच्छिंद्र पुढच्या बाजारी आला नाही, नंतर महिनाभरानं आला, तेव्हा बाकडं होतं आणि चहाही आला. तिला मात्र त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो बसायचा, ती गोंडे वळायची. साळूबाईनं एकदा म्हणून बघितलं, "गिरजे, माणूस वाईट न्हाई गं." गिरिजाबाई म्हणाली, "न्हाईच म्हणते मी बी," आणि विषय संपवला.

लेकीच्या सासूचा राग दोन वर्षांनी निवळला. नातू झाला तेव्हा बोलावणं आलं. रखमाजीशी बोलणं सुरू झालं, पण स्थळाचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

पुढं ट्रॅक्टर आले. बाजारात बैल कमी झाले, दलालही कमी झाले. सुताच्या कासऱ्यांच्या जागी नायलॉनचे आले, तेही गिरिजाबाईनं लटकवले. साळूबाई गेली, तिची टपरी कचरू नावाचा भाचा चालवू लागला. मच्छिंद्रची आईही गेली. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. केस पिकले, रुमाल तोच. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला तो बाजारात सौद्यासाठी कमी आणि बसण्यासाठी जास्त येत असे.

असाच एका पोळ्याआधी एक शेतकरी दुकानापुढं थांबला. म्होरकी उचलली, दोरा ओढून बघितला, परत ठेवली. गिरिजाबाई काही बोलणार एवढ्यात बाकड्यावरून मच्छिंद्र उठला. आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "घ्या, घ्या. माल एक नंबर. बाई त्याहून एक नंबर. बारा वर्षं झाली बघून राह्यलो, अख्ख्या बाजारात हिच्यासारखी बाई न्हाई."

आजूबाजूच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. कचरूनं किटली खाली ठेवली. शेतकऱ्यानं मच्छिंद्रच्या खांद्यावरचा रुमाल बघितला, एकदा गिरिजाबाईकडं बघितलं आणि ओठ मुडपून हसला.

"दलाल का तुम्ही?" तो म्हणाला. "वाटलंच." आणि पुढच्या दुकानाकडं निघून गेला.

मच्छिंद्र तसाच उभा राहिला. गिरिजाबाईनं म्होरकी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा बांबूला अडकवली.

"बसा," ती म्हणाली. "चहा सांगते."